फाटलेल्या तारखेचं काय करायचं?

मोडी कागद बाळबोधीत उतरवताना सर्वांत अवघड काम वळणदार अक्षरांचं नसतं, ती सरावाने लागतात. खरी अडचण कागदच जागेवर नसतो तेव्हा येते. कसरीने पोखरलेलं असतं, घडी तुटलेली असते, कोपरा गळालेला असतो. त्या जागेत काय लिहायचं, यावर पुढचा इतिहास अवलंबून असतो.

समजा, पेशवाईतलं एक पत्र आहे. वरचा मायना ‘अखंडितलक्ष्मी अलंकृत राजमान्य राज…’ इथे तुटला आहे. ही गळालेली अक्षरं भरायला हरकत नाही. हा मायना हजारो पत्रांत तसाच येतो आणि ‘राजश्री’शिवाय दुसरं काही तिथे बसत नाही. संपादक ‘राज[श्री]’ असं चौकोनी कंसात छापतो, म्हणजे कागदावरचं किती आणि आपलं किती हे वाचणाऱ्याला दिसतं.

चार ओळी खाली मजकूर येतो : ‘रुपये …शे पावले.’ इथे मात्र हात आवरायला हवा. दोनशेही बसतं, नऊशेही बसतं. त्या गावचा वसूल साधारण पाचशे असायचा, हे इतर कागदांवरून ठाऊक असलं तरी पाचशे लिहू नये. वसूल नेहमीइतका आला की कमी, हेच तर या पत्रातून कळणार होतं. अंदाजाने आकडा भरला, तर आपलीच आधीची समजूत पुरावा म्हणून परत येते. पुढचा अभ्यासक तो आकडा कोष्टकात घालतो, त्यावरून दुष्काळ नव्हता असा निष्कर्ष निघतो, आणि मूळ कागद उघडून पाहण्याचं कुणालाच कारण उरत नाही. इथे टिंबं द्यावीत आणि अंदाजे किती अक्षरं गेली ते नोंदवावं, बस्स.

तारखेची गोष्ट वेगळी आहे. रक्कम कोरी ठेवली तरी पत्र वापरता येतं. पण सालच नसेल तर ते कोणत्या घटनेच्या आधी ठेवायचं की नंतर, हे ठरत नाही आणि पत्र रुमालात पडून राहतं. इथे काहीतरी मानावंच लागतं.

आपल्या पत्रात ‘छ ५ रजब’ आहे, म्हणजे रजब महिन्याचा पाचवा चंद्र. शुहूर सन मात्र ‘… सितैन मया व अलफ’ एवढाच उरला आहे. ही अरबी संख्या एककापासून वाचतात : सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. म्हणजे ११६० चं दशक पक्कं, एकक फाटलेलं. शुहूर साल मृगाला सुरू होतं. पावसाळ्यापासून डिसेंबरपर्यंतच्या तारखेसाठी त्यात ५९९ मिळवले की इसवी सन येतो, आणि जानेवारीपासून पुढे ६००. तेव्हा पत्र १७५९ ते १७६९ या काळातलं.

मजकुरात सरकारची फौज हैदरावर कर्नाटकात गेल्याचा उल्लेख आहे. या दशकात थोरल्या माधवरावांच्या हैदरावर दोन मोहिमा झाल्या : १७६४-६५ आणि १७६६-६७. पहिल्या मोहिमेतला रजब ११६५ मध्ये येतो, म्हणजे एकक ‘खमस’. दुसरीतला ११६७ मध्ये, म्हणजे ‘सबा’. दोन्ही वेळा ५ रजब डिसेंबरातच पडतो, त्यामुळे थंडीच्या उल्लेखाचाही उपयोग नाही. पत्रात वार असता तर आधार मिळाला असता, पण चंद्रदर्शनाने एखाद्या दिवसाचा फरक पडतो, म्हणून एकट्या वारावर भिस्त ठेवता येत नाही. शेवटी एक वाक्य सापडतं : हैदराने पूर्वीचा तह पाळला नाही. हा १७६५ चा तह असेल, तर पत्र दुसऱ्या मोहिमेतलं.

आता संपादकाने लिहावं : ‘[सबा] सितैन मया व अलफ’, आणि खाली टीप द्यावी, ‘एकक फाटलं आहे. “पूर्वीचा तह” म्हणजे १७६५ चा तह असं धरून डिसेंबर १७६६ मानलं. तो तह वेगळा असल्यास डिसेंबर १७६४ संभवतो.’ यात निर्णय आहे, त्याचा आधार आहे, आणि तो कशाने मोडेल हेही आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीने हीच शिस्त पाळली. तिथे संहितेतल्या ज्या पाठाची पुरेशी खात्री नाही, त्याखाली नागमोडी रेघ आहे, आणि तळाशी हस्तलिखितांतले पाठभेद दिले आहेत.

उद्या याच पत्राची धड नक्कल दुसऱ्या दप्तरात सापडली आणि तीत ‘खमस’ निघालं, तर टीप असलेल्या आवृत्तीत एका ओळीची दुरुस्ती होईल, आणि तो ‘पूर्वीचा तह’ कोणता हा नवा प्रश्नही अभ्यासकाला मिळेल. पण ‘सबा’ कंसाशिवाय, टिपेशिवाय छापलं असेल, तर छापील पुस्तक एक सांगतं आणि नक्कल दुसरं. मग लोक खऱ्या नकलेवरच संशय घेतील. न सांगता केलेला अंदाज रिकामी जागा तर बळकावतोच, शिवाय पुढे आलेल्या खऱ्या पुराव्यालाही खोटं ठरवतो.