शेजारी शेजारी दोन एके नकोत

फक्त ० आणि १ हे दोनच अंक वापरून दहा घरांची ओळ भरायची आहे. अट एकच: दोन एके लागून येता कामा नयेत. ०१००१०१००१ चालेल, ०११०००००१० चालणार नाही. शून्यं हवी तितकी सलग येऊ द्या, त्यांच्यावर बंधन नाही. अशा ओळी एकूण किती?

अट नसती तर उत्तर सोपं होतं. प्रत्येक घराला दोन पर्याय, म्हणून दहा वेळा दोनाची गुणाकारणी, म्हणजे १०२४. अट आली की हा गुणाकार मोडतो, कारण पुढच्या घरात काय बसेल हे आता आधीच्या घरात काय बसलंय त्यावर ठरतं. १०२४ ओळी लिहून एकेक खोडत बसणं शक्य आहे, पण घरं वीस झाली की ओळी दहा लाखांच्या वर जातात. तेव्हा वेगळा रस्ता हवा.

आधी लहान ओळी हाताने मोजू. एका घराच्या दोन: ० आणि १. दोन घरांच्या तीन: ००, ०१, १०. तीन घरांच्या पाच: ०००, ००१, ०१०, १००, १०१. चार घरांच्या ओळी मात्र वेगळ्या पद्धतीने लिहू. त्यांचे दोन गट करू, शेवटच्या अंकावरून.

शेवटी ० असलेल्या: ००००, ००१०, ०१००, १०००, १०१०.
शेवटी १ असलेल्या: ०००१, ०१०१, १००१.

पहिल्या गटातल्या ओळींचं शेवटचं शून्य झाकून पाहा. उरतात नेमक्या तीन घरांच्या पाच ओळी, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. शेवटच्या शून्याने कोणाचंच काही बिघडत नाही, म्हणून तीन घरांची कोणतीही चालणारी ओळ घ्या आणि तिला शून्य जोडा. दुसऱ्या गटात शेवटी १ आहे. मग त्याच्या आधी ० असायलाच हवं, तिथे निवड उरलेली नाही. म्हणून शेवटचे दोन अंक, ‘०१’, मिळूनच झाकायचे. उरतात दोन घरांच्या तीन ओळी. पाच आणि तीन, आठ.

चार घरांबद्दलचं हे बोलणं कितीही घरांना लागू पडतं. ‘न’ घरांच्या ओळींची संख्या सं(न) म्हटली, तर

सं(न) = सं(न−१) + सं(न−२)

मागच्या पदांवरून पुढचं पद देणाऱ्या अशा नियमाला गणितात रिकरन्स म्हणतात. २ आणि ३ पासून निघालं की पुढे ५, ८, १३, २१, ३४, ५५, ८९ आणि दहाव्या घराला १४४. १०२४ पैकी १४४ ओळी टिकल्या. वीस घरांना हाच आकडा १७,७११ येतो, म्हणजे शेकडा दोनसुद्धा नाहीत.

इथे विद्यार्थी हमखास एका ठिकाणी घसरतात. ते म्हणतात: मागच्या प्रत्येक ओळीला ० किंवा १ जोडा, म्हणजे संख्या दुप्पट झाली, मग त्यातून बिघडलेल्या ओळी वजा करा. विचार बरोबर आहे, पण बिघडलेल्या किती? घाईत सं(न−२) वजा केलं जातं. चार घरांसाठी पाचाची दुप्पट दहा, वजा तीन, उत्तर सात, आणि वरच्या यादीत तर आठ आहेत. बिघडतात त्या फक्त आधीच एकावर संपणाऱ्या ओळी. तीन घरांच्या ओळींत तशा दोनच आहेत, ००१ आणि १०१. ही संख्या सं(न−३) असते. ती वजा केली की आठ मिळतात. रिकरन्स मांडला की एक लहान ओळ तरी हाताने लिहून ताडून पाहावी, ती याचसाठी.

१, २, ३, ५, ८, १३ हे आकडे फिबोनाचीचे म्हणून ओळखले जातात. त्याचा ग्रंथ १२०२ सालचा. पण छंदशास्त्रात ते त्याच्या आधीच येऊन गेले होते. विरहांकाने आणि नंतर, ११५० च्या सुमारास, हेमचंद्राने मात्रावृत्तांची मोजणी केली ती याच बेरजेने. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. ठरावीक मात्रांच्या रचना किती? शेवटी लघू असेल तर एक मात्रा कमी करून मोजा, गुरू असेल तर दोन. आपल्या ओळींशी याचं नातं अगदी सरळ आहे. ओळीच्या शेवटी एक जादा शून्य लावा, मग ‘१०’ दिसेल तिथे गुरू वाचा आणि उरलेल्या शून्यांना लघू. ०१०१ ची होते ०१०१०, म्हणजे लघू, गुरू, गुरू: पाच मात्रा. पाच मात्रांच्या रचनाही आठच आहेत.

आता शंभराव्या घराचं उत्तर हवं असेल, तर मधली सगळी पदं काढत जायचं का? त्याची गरज नाही. आकडे जवळजवळ एका ठरावीक पटीने वाढताना दिसतात: ८९ भागिले ५५ करा, १४४ भागिले ८९ करा, दोन्ही वेळा १.६१८ च्या आसपास. मग पदं खरोखरच क्ष च्या घातांची असती तर? रिकरन्समध्ये तसं घालून सामाईक घात काढून टाकला की उरतं

क्ष² = क्ष + १

हे शाळेतलं वर्गसमीकरण. त्याची दोन उत्तरं: १.६१८ आणि −०.६१८. दोघांचेही घात आपल्या नियमात बसतात, आणि त्यांना कोणत्याही संख्यांनी गुणून केलेली बेरीजही बसते. त्या दोन संख्या कोणत्या, हे सुरुवातीची पदं ठरवतात. शून्य घरांची ओळ एकच, रिकामी, म्हणून दोन्ही संख्यांची बेरीज १. एका घराच्या ओळी दोन, हे दुसरं समीकरण. सोडवल्यावर पहिली येते १.१७०८ आणि दुसरी −०.१७०८. दहा घरांसाठी १.६१८ चा दहावा घात साधारण १२२.९९, त्याला १.१७०८ ने गुणलं की १४४ च्या अगदी जवळ येतं. दुसऱ्या भागाचा वाटा हजारांश-दोन हजारांश एवढाच. म्हणून व्यवहारात पहिलाच भाग काढून जवळची पूर्ण संख्या घेतली तरी पुरतं. फक्त ‘न’ मोठा असला की १.६१८ वर थांबू नये. दशांशातली बारीक चूक घाताबरोबर वाढत जाते. तिथे वर्गमूळ पाचचे पुरेसे दशांश घ्यावे लागतात.

या १.६१८ चा खरा उपयोग चुंबकीय डिस्कवर झाला. तिथे १ म्हणजे चुंबकत्वाची दिशा पालटणं आणि ० म्हणजे ती तशीच राहणं. दोन पालट फार जवळ आले तर वाचताना एकमेकांत मिसळतात, म्हणून मध्ये किमान एक शून्य हवं. बंधन नसेल तर प्रत्येक नव्या घरामागे शक्यता दुप्पट होतात; इथे त्या १.६१८ पटच होतात. दोनाचा ०.६९४ वा घात १.६१८ असतो, म्हणून अशा एका घरात सरासरी ०.६९४ बिटांहून जास्त माहिती मावूच शकत नाही, मग संकेत कितीही चतुराईने रचा. फ्लॉपीवरच्या एमएफएम पद्धतीत प्रत्येक बिटाला दोन घरं लागत, म्हणजे घरामागे अर्धा बिट. पुढे हार्ड डिस्कसाठी दोन बिट तीन घरांत बसवणारा संकेत आला, घरामागे ०.६६७. त्याला आणखी एक अट पाळावी लागे: शून्यंही सलग सातांहून जास्त नकोत, नाहीतर वाचणाऱ्या यंत्राचा ताल चुकतो. ती अट घालून नवा रिकरन्स मांडला की कमाल मर्यादा ०.६९४ वरून ०.६७९ वर येते.