रेषा पुढून, रंग मागून

जुन्या कार्टून फिल्ममध्ये डोंगरावर दहा दगड दिसले, तरी त्यातला कोणता घरंगळणार हे मुलांना आधीच कळायचं. नऊ दगड मऊ, रंगात रंग मुरलेले असायचे. एक मात्र सपाट रंगाचा, ठळक कडेचा. जे हलणार ते पारदर्शक सेलवर काढायचं आणि जे जागचं हलणार नाही ते कागदावर रंगवायचं, अशी ती वाटणी होती. अमेरिकेत अर्ल हर्ड यांनी १९१४ साली सेलच्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि पुढे अनेक दशकं जगभरची कार्टून याच रीतीने बनली. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये १९५६ साली डिस्नेकडून आलेले क्लेअर वीक्स हीच रीत शिकवत होते; राम मोहन त्यांच्याच हाताखाली तयार झाले.

आपल्या एखाद्या फोटोला हे रूप द्यायचं, तर सुरुवात या वाटणीपासून करावी लागते. फोनमधले साधे कार्टून फिल्टर इथेच फसतात. उजेड जिथे एकदम बदलतो तिथे फिल्टर रेघ ओढतो. त्यामुळे भिंतीची प्रत्येक फट आणि शर्टाची प्रत्येक सुरकुती काळी होते. उलट काळ्या दारापुढे काळे केस असले, तर जिथे रेषा हवीच तिथे ती येत नाही. माणूस कुठे संपतो आणि दार कुठे सुरू होतं, हे त्याच्या गावीही नसतं.

सेल तयार कसा व्हायचा? पारदर्शक पत्र्याच्या पुढच्या बाजूला शाईने बाह्यरेषा. मग तो उलटा करून मागच्या बाजूने दाट रंग भरायचा. रंग रेषेखाली थोडा सरकला तरी पुढून दिसत नाही, आणि काचेसारख्या पृष्ठभागामागे कुंचल्याचे फराटेही उमटत नाहीत. छटा कमी असण्याचं कारण मात्र सौंदर्यदृष्टीपेक्षा खर्चाचं अधिक. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात. एक चित्र दोन फ्रेम धरलं, तरी सेकंदाला बारा चित्रं. शर्टाला पाच छटा दिल्या, तर एका सेकंदासाठी नुसता शर्ट साठ वेळा भरायचा. म्हणून एक मूळ रंग आणि त्याची एक सावली, फार तर केसांवर एखादी चमक. या काटकसरीतूनच ही शैली घडली.

आता एक फोटो घेऊ. कोकणातल्या घराचं अंगण. सायकल धरून उभा दहा वर्षांचा मुलगा, पांढरा शर्ट, खाकी चड्डी. मागे जांभ्याची भिंत, काळपट दार, बाजूला तुळशीवृंदावन. सकाळचं ऊन डावीकडून येतंय. मुलगा आणि सायकल सेलवर जातील, बाकी सगळं कागदावर. कृतासारख्या मोफत चित्रकला-सॉफ्टवेअरमध्ये हे सहज जमतं: सर्वांत वर रेषेचा लेअर, त्याखाली रंगाचा, तळाशी पार्श्वभूमी. रेषा पुढे आणि रंग मागे, ही जुनीच रचना झाली. फोटो फिका करून खाली ठेवायचा तो फक्त गिरवण्यापुरता.

गिरवताना मोह आवरावा लागतो, विशेषतः चेहऱ्यावर. हसताना नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंत जी घडी पडते, ती फोटोत गोड दिसते. पण रेषेत आली की दहा वर्षांचा मुलगा साठीचा होतो. ती सोडूनच द्यायची. नाकाला एक छोटी रेघ पुरे. दात एकेक न काढता पांढरी पट्टी ठेवायची. केसांचा एक घट्ट आकार, कडेला दोन-तीन टोकं. सायकलच्या चाकाला छत्तीस तारा असल्या, तरी सात-आठच ओढाव्या. तेच चाक शेकडो वेळा काढणाऱ्या माणसाने तेवढ्याच ओढल्या असत्या.

रेषेचा रंग कोणत्या काळाची नक्कल करायची यावर ठरतो. १९३७ च्या ‘स्नो व्हाइट’मध्ये रेषा हाताने, रंगीत शायांनी ओढल्या होत्या, गालाची कड काळी नव्हती. १९६१ च्या ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’मध्ये पेन्सिलीची चित्रं झेरॉक्सने थेट सेलवर उतरवली, म्हणून तिथली रेषा काळी आणि जराशी खरबरीत आहे. आपल्या मुलाला गडद तपकिरी रेषा शोभेल.

रंग भरताना एक दोष हमखास येतो. रेषा आणि रंग यांच्यामध्ये बारीक पांढरी किनार राहते. कमी झूमवर ती दिसत नाही, छापल्यावर डोळ्यात खुपते. भरलेला भाग दोन-तीन पिक्सेल वाढवून रेषेखाली सरकवला की ती जाते.

मग सावली. फोटोत शर्टावर करड्याच्या असंख्य छटा असतात. डोळे किलकिले करून पाहिलं, की त्यातून दोनच आकार उरतात: उजेडातला आणि सावलीतला. सीमा धारदार ठेवायची, मात्र तिच्यावर रेषा ओढायची नाही. काळा मिसळून सावली केली तर कपडा मळका दिसतो. पांढऱ्या शर्टाची सावली निळसर करड्या रंगाची, खाकीची तांबूस तपकिरी, त्वचेची विटकरीकडे झुकणारी. हनुवटीखाली, बाहीखाली आणि उजव्या पायाच्या मागच्या बाजूला ती आली, की बहुतेक काम झालं. अंगणातून परतणाऱ्या उजेडाची जी दुसरी झाक फोटोत असते, तिच्याकडे काणाडोळा करावा.

खरी मेहनत मात्र पार्श्वभूमीची, आणि लोक घाई करतात तीही इथेच. फोटोतल्या भिंतीलाच धूसर करून मुलामागे चिकटवलं, तर चित्र कात्रणासारखं दिसतं. भिंत वेगळी रंगवावी लागते, तीही मुलगा तिथे नाहीच असं धरून, त्याच्यामागचे चिरे पूर्ण करत. ‘माय नेबर टोटोरो’चे कलादिग्दर्शक काझुओ ओगा यांची झाडं पाहावीत, पोस्टर कलरचा हात कसा असतो ते कळतं. रुंद कुंचला, कडेला रेषा नाही, रंग एकमेकांत उतरलेले. जांभ्याची भोकं सगळीकडे काढू नयेत. उन्हाच्या कडेला थोडी काढली की बाकीची डोळा भरून काढतो. मुलाच्या डोक्यामागचं काळं दार इथे आपल्याला उजळ करता येतं. फोटोने जी अडचण केली होती, ती चित्रकार दोन मिनिटांत सोडवतो.

एवढं करूनही मुलगा तरंगत असेल, तर पायाखालची सावली राहिलेली असते. जुन्या स्टुडिओत जमिनीवरची सावली वेगळ्या सेलवर काढून दुहेरी एक्स्पोजरने पारदर्शक करत. आपण रंग आणि पार्श्वभूमी यांच्यामध्ये एक लेअर घालून, ‘मल्टिप्लाय’ लावून, उजवीकडे झुकलेली सावली टाकायची. सेल कागदापासून किंचित वर असे, त्यामुळे कधीकधी आकृतीचीच पुसट छाया मागे पडलेली दिसायची. तीही हवी तर द्यावी, पण जेमतेम.

शेवटी पार्श्वभूमी लपवून पाहा: मुलगा कोऱ्या करड्या रंगावरही नीट उठला पाहिजे. मग मुलगा लपवून पाहा: अंगण रिकामं वाटावं, पण अपुरं नको. दोन्ही जमलं तर चित्र जमलं. पहिल्या खेपेला एकच माणूस आणि तिरपं ऊन असलेला फोटो निवडा. पावसाळी ढगाळ उजेडातल्या किंवा फ्लॅशने काढलेल्या फोटोत सावलीचा आकारच सापडत नाही. आणि लग्नातल्या ग्रुप-फोटोच्या वाटेला इतक्यात जाऊ नका.