डोहाळे तिचे, फजिती घरच्यांची

सातव्या महिन्यात डोहाळजेवणाचा दिवस ठरतो. हिरवी साडी, फुलांची वाडी, सजवलेला झोपाळा, ओटी आणि आवडीच्या पदार्थांचे ताट असा सगळा थाट होतो. मग झोपाळ्याभोवती बायका जमतात, एकेक जण झोका देते आणि डोहाळे गायला सुरुवात होते. या गाण्यात थट्टा आणि आशीर्वाद शेजारीशेजारी नांदतात. कारण डोहाळ्याला दोन बाजू असतात. ती काहीतरी मागते आणि कुणीतरी ते पुरवते. चांगले गाणे थट्टा करते ती पुरवणाऱ्यांची. मागणारीच्या वाट्याला लाड येतात आणि शेवटी आशीर्वाद.

जुन्या डोहाळगीतांची बांधणी महिन्यांवर असते. प्रत्येक महिन्याला एक कडवे, त्यात एक डोहाळा आणि तो पुरवणारे एक नाते: सासू, नणंद, दीर, भाऊ, नवरा. त्यामुळे घरातल्या प्रत्येकाचे नाव गाण्यात येते आणि ज्याचे नाव येते त्याच्याकडे सगळ्या वळून हसतात. आजही घरच्या घरी गाणे रचायचे तर हाच सांगाडा सर्वांत सोपा पडतो. प्रत्येक ओळीत आठ अक्षरे ठेवली आणि दुसऱ्या-चौथ्या ओळीचे यमक जुळवले, की ओवीसारख्या साध्या चालीवर ते कुणालाही म्हणता येते. जोडाक्षर एकच अक्षर धरायचे.

मात्र रचण्याआधी माहिती गोळा करावी लागते. समजा, सानिकाचे डोहाळजेवण आहे. सासूबाई सांगतात, तिसऱ्या महिन्यात तिला जेवण समोर नको व्हायचे, मीठ लावलेली कैरी तेवढी चालायची. नवरा निखिल सांगतो, एकदा भर पावसात, रात्री तिला पाणीपुरी हवी झाली होती. आणि सानिका स्वतः सांगते, हल्ली रात्रभर बाळ लाथा मारते. एवढ्यावर गाणे उभे राहते.

तिसरा महिना लागे,
नको पोळी, नको भात;
मीठ लावून कैरीला
सासू ठेविते हातात.

पाचवा महिना येता
हवी रात्री पाणीपुरी;
गाडा शोधता शोधता
निखिल भिजला भारी.

सातवा महिना सजे
हिरव्या साडीत बाई;
बाळ नाचे पोटामध्ये,
झोप आईलाच नाही.

नऊ भरोत सुखाने,
सुटका हलकी व्हावी;
निरोगी माय नि बाळ
दोघं सुखे घरी यावी.

यात हसू पिकते ते दुसऱ्या कडव्यावर, आणि भिजलेला असतो निखिल. तिसऱ्या कडव्यात सानिकाचे जागरण येते, पण त्याचा ठपका बाळावर जातो. शेवटच्या कडव्यात थट्टेचा एकही शब्द नाही. ते सगळ्यांनी मिळून, झोका थांबवून म्हणावे.

गाणे फसते ते बहुधा तीन ठिकाणी. पहिले म्हणजे तिच्या शरीरावरची थट्टा. वाढलेले वजन, सुजलेले पाय, चेहऱ्यावरचे डाग यांवर ती समोर हसली तरी नंतर मनात ठेवते. झोपाळ्यावरून तिचे हसू उशिरा आणि ओठांपुरते आले, तर ते कडवे पुन्हा म्हणू नये. दुसरे म्हणजे मुलाचा हट्ट. जुनी बरीच गाणी पुत्रजन्माच्या इच्छेवर संपतात. झाकलेल्या वाट्यांत पेढा निघाला तर मुलगा आणि बर्फी निघाली तर मुलगी, हा खेळ अंदाजापुरताच राहावा. गर्भलिंगनिदानाला बंदी करणारा कायदा 1994 साली झाला, पण ‘मुलगाच हो’ असे कडवे सर्वांदेखत म्हटले, की मुलीची आई होणारीच्या मनावर त्याचे ओझे येतेच. म्हणून आशीर्वादात ‘बाळ’ हाच शब्द ठेवावा. तिसरे म्हणजे मातीचा डोहाळा. माती, खडू किंवा भिंतीचा पोपडा खावासा वाटणे हा गमतीचा डोहाळा समजला जातो. पण त्यामागे शरीरातली लोहाची कमतरता असू शकते. तिने असे काही सांगितले, तर त्यावर ओळ रचण्याऐवजी डॉक्टरांना सांगावे.

गाणे संपल्यावर उखाण्याची वेळ येते. इतका वेळ सगळ्या तिच्याविषयी बोलत असतात, आता बोलण्याची पाळी तिची. म्हणून उखाणा गाण्याच्या आधी घेऊ नये. भिजलेल्या नवऱ्याची बाजू घ्यायची, की त्याला आणखी कामाला लावायचे, हे तिनेच ठरवावे:

चिंच नको, कैरी नको, आवळ्याचीही नको फोड;
निखिलरावांच्या हातचा चहाच लागतो गोड!

आणि मग निखिलने उठून खरोखरच चहा टाकावा, सगळ्यांसाठी.