सहीच्या ओझ्याखाली फोल्डर

एका करसल्लागाराच्या छोट्या कार्यालयात नवे संगणक आले आणि जुन्या नेटवर्क स्टोरेजवरचा सामायिक फोल्डर रांगू लागला. शिव्या केबलला पडल्या.

विंडोज 11 प्रोची 24H2 आवृत्ती फाइल देवाणघेवाणीच्या प्रत्येक संदेशावर सही आपणहून सक्तीची करते. जुन्या स्टोरेजचा दुबळा प्रोसेसर ती आकडेमोड करतानाच दमतो. मोठी फाइल कॉपी होताना त्याचा प्रोसेसर शंभर टक्क्यांवर आणि नेटवर्क मात्र रिकामे दिसले, तर दोष सहीचा असण्याची शक्यता मोठी.

फोल्डर उघडा ठेवून प्रोटोकॉलची आवृत्ती पाहावी:

```
Get-SmbConnection
```

`Dialect` खाली 2.0.2 किंवा 2.1 दिसले, तर सही जुन्या, जड पद्धतीची. स्टोरेजच्या सेटिंगमध्ये 3.1.1 चालू करता येत असेल, तर आधी तेच करावे. सही बंद केल्यास वेग वाढेल, पण वाटेत फाइल बदलली तरी कळणार नाही.