ओळखपत्र कोणत्या देशाचं?

एटीएम कार्डाएवढं एक ओळखपत्र समोर आहे आणि त्यावर जर्मन मजकूर आहे. पण तेवढ्यावरून देश ठरत नाही. जर्मन ऑस्ट्रियाच्या कार्डावरही असते. जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमान्श एकत्र दिसल्या, तर कार्ड स्वित्झर्लंडचं.

या कार्डावर जर्मनसोबत इंग्रजी आणि फ्रेंच आहे. कोपऱ्यात निळ्या चौकटीत बारा पिवळे तारे आणि मध्ये `DE` आहे. ऑगस्ट २०२१पासून युरोपीय संघातील नव्या ओळखपत्रांवर ही खूण असते. मध्ये वर्तुळ असलेला छोटा आयत मात्र देश सांगत नाही. कार्डात स्पर्शाविना वाचता येणारी चिप आहे, एवढंच तो सांगतो.

खात्री होते मागच्या बाजूला. तिथे प्रत्येकी तीस अक्षरांच्या तीन ओळी असतात. पहिलीची सुरुवात अशी:

```
IDD<<
```

पहिली दोन अक्षरं कागदपत्राचा प्रकार, पुढच्या तीन जागा देशाच्या. ऑस्ट्रिया तिथे `AUT` लिहितो. जर्मनी एकटा `D` लिहून उरलेल्या जागा `<<` चिन्हांनी भरतो.

दुसऱ्या ओळीतल्या सोळाव्या ते अठराव्या जागांवरही देशाचा कोड असतो, पण तो धारकाच्या नागरिकत्वाचा. कार्ड देणारा देश पहिल्याच ओळीत शोधावा लागतो.