नोंदणी क्रमांक खरा, दुकान कुणाचं?

विमा विकणाऱ्या कुठल्याही संकेतस्थळाच्या तळाशी गेलं, की बारीक अक्षरांत एक मजकूर असतो. कंपनीचं पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक, प्रवर्ग, मुदत, पत्ता आणि त्याखाली ‘आयआरडीएआय विमा विकत नाही, बोनस जाहीर करत नाही, असे फोन आल्यास पोलिसांत तक्रार करा’ अशी सूचना. वरच्या बाजूला हसरी कुटुंबं आणि मोठ्या अक्षरांतल्या सवलती असल्यामुळे हा मजकूर फारसं कुणी वाचत नाही. पण दुकान कुणाचं आहे हे कळायला पानावर तेवढीच एक जागा असते. वाचणारेही बहुतेकदा क्रमांक दिसला की समाधान मानतात. क्रमांक लिहायला मात्र कुणाचीच परवानगी लागत नाही. दुसऱ्याच्या संकेतस्थळावरून तो मजकूर उचलून आपल्या पानावर डकवणं हे मिनिटभराचं काम आहे.

म्हणून तो क्रमांक नियामकाच्या नोंदीशी ताडून पाहायचा. भारतात हा नियामक म्हणजे भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, आयआरडीएआय. 1999 च्या कायद्याने ते आलं आणि त्याचं मुख्यालय हैदराबादला आहे. त्याच्या irdai.gov.in या संकेतस्थळावर दलाल, कॉर्पोरेट एजंट, वेब ॲग्रिगेटर अशा मध्यस्थांच्या याद्या आहेत. एजंटांसाठी agencyportal.irdai.gov.in हे वेगळं पोर्टल आहे. पहिली अडचण इथेच येते, कारण चुकीच्या यादीत शोधलं तर खरा माणूसही सापडत नाही.

एजंट हा विमा कंपनीचा माणूस. एका व्यक्तीला एक आयुर्विमा कंपनी, एक सर्वसाधारण विमा कंपनी आणि एक आरोग्य विमा कंपनी यांची एजन्सी घेता येते. पीकविम्यासारख्या एकाच प्रकारात काम करणाऱ्या कंपन्यांसाठी थोडी वेगळी सोय आहे, ती सोडून देऊ. 2015 च्या कायदादुरुस्तीनंतर एजंट नेमण्याचं काम विमा कंपन्यांकडे गेलं, त्यामुळे आजच्या एजंटाकडे नियामकाचा परवाना नसतो, कंपनीचं नेमणूकपत्र असतं. दलाल, म्हणजे ब्रोकर, हा मात्र ग्राहकाच्या बाजूने काम करणारा मध्यस्थ. त्याला थेट नियामकाकडे नोंदणी करावी लागते आणि तो कितीही कंपन्यांच्या पॉलिसी दाखवू शकतो. बँक विमा विकते ती सहसा कॉर्पोरेट एजंट म्हणून. दलालांच्या यादीत आपल्या बँकेचं नाव नाही म्हणून घाबरण्याचं कारण नाही, ते शेजारच्या यादीत असतं.

या फरकाचा एक उपयोग याद्या न उघडताही होतो. एखादं संकेतस्थळ दहा सर्वसाधारण विमा कंपन्यांचे दर शेजारीशेजारी मांडत असेल आणि खाली मालकाची ओळख ‘अधिकृत विमा एजंट’ अशी एका व्यक्तीच्या नावाने देत असेल, तर त्या दोन गोष्टी एकत्र खऱ्या असूच शकत नाहीत. एजंटाला दहा कंपन्यांची दारं उघडी नसतात.

आता एक उदाहरण पायरीपायरीने पाहू. प्रसंग कल्पित आहे, पण त्याचे सगळे तुकडे रोजच्या व्यवहारातले आहेत. समजा, सांगलीतल्या एका गृहस्थांच्या गाडीचा विमा आठवड्याभरात संपतो आहे. गाडी पेट्रोलची, 1,197 सीसीची. मोबाइलवर संदेश येतो, त्यात गाडीचा नंबर बरोबर, विमा संपण्याची तारीखही बरोबर. दुवा उघडल्यावर नीटनेटकं पान दिसतं, पाच नामांकित कंपन्यांची बोधचिन्हं दिसतात आणि संपूर्ण विमा, करासह, 2,900 रुपयांत मिळतो असं लिहिलेलं असतं. तळाशी दलालाचं नाव, `DB` या अक्षरांनी सुरू होणारा सांकेतिक क्रमांक, वेगळा नोंदणी क्रमांक आणि मुदतीची तारीख.

नियामकाच्या यादीत हे नाव शोधलं तर ते सापडतं. सांकेतिक क्रमांक जुळतो, नोंदणी क्रमांक जुळतो, प्रवर्ग ‘डायरेक्ट ब्रोकर’, मुदत पुढची. (हे दोन क्रमांक वेगळे असणं नेहमीचंच आहे, त्यात काळंबेरं काही नाही.) बहुतेक लोक इथे थांबतात आणि पैसे भरतात. इथवर आपल्याला कळलं ते एवढंच, की या नावाची एक दलाल कंपनी अस्तित्वात आहे आणि तिची नोंदणी चालू आहे. हातातलं पान तिचं आहे, असं यादीने कुठेच म्हटलेलं नाही.

म्हणून आता दिशा उलटी करायची. आतापर्यंत पानावरून यादीकडे गेलो, आता यादीकडून बाहेर यायचं. यादीत दलालाचा पत्ता आणि संपर्काचा तपशील असतो. त्यातला फोन नंबर पानावरच्या नंबराशी जुळतो का? ईमेलच्या `@` नंतरचं नाव आणि संकेतस्थळाचं नाव एकच आहे का? आपल्या उदाहरणात यादीतला ईमेल कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरचा आहे, पानावर मात्र जीमेलचा पत्ता आणि एक मोबाइल नंबर. मग यादीतल्याच नंबरावर फोन करून विचारायचं, ‘अमुक पत्त्याचं संकेतस्थळ तुमचं आहे का?’ पानावरच्या नंबरावर हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही, तिथे उत्तर ‘हो’ असंच येणार.

दुसरा धागा कंपनी नोंदणीचा. पानाच्या तळाशी बहुधा `CIN` असतो. ही एकवीस अक्षरं-अंकांची ओळख असते आणि ती थोडी उलगडता येते. `U66220MH2019PTC` अशी सुरुवात असेल आणि पुढे सहा आकडे असतील, तर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नाही, तिचा व्यवसाय विमा एजंट आणि दलालांच्या गटातला आहे, नोंदणी महाराष्ट्रातली, वर्ष 2019, आणि ती खासगी मर्यादित आहे. पान ‘1998 पासून आपल्या सेवेत’ म्हणत असेल तर खुलासा मागावा. जुन्या कंपनीने नवी उपकंपनी काढलेली असू शकते, पण मग तसं सांगता आलं पाहिजे. व्यवसायाचा आकडा वेगळा दिसला म्हणून लगेच संशय घेऊ नये. काही कंपन्या आधी दुसरं काम करत होत्या आणि नंतर विम्यात आल्या.

नावाबद्दलही एक नियम आहे. 2018 च्या नियमावलीप्रमाणे दलाल कंपनीच्या नावातच ‘इन्शुरन्स ब्रोकर’ किंवा ‘ब्रोकिंग’ असे शब्द असावे लागतात. जाहिरातीत चटपटीत ब्रँडनाव वापरलं जातं, पण तळाशी हे लांबलचक कायदेशीर नाव यायलाच हवं. ब्रँडनाव यादीत सापडत नाही म्हणून कित्येकजण चांगल्या संकेतस्थळाला खोटं ठरवतात. शोधायचं असतं ते हे लांब नाव.

पण आपल्या उदाहरणातला सगळ्यात बोलका आकडा नोंदणीचा नाहीच, किमतीचा आहे. तृतीय पक्ष विम्याचा मूळ हप्ता विमा कंपन्या ठरवत नाहीत, केंद्र सरकार ठरवतं. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांत 1,000 ते 1,500 सीसीच्या खासगी मोटारीला तो वर्षाला 3,416 रुपये होता. त्यावर 18 टक्के वस्तू व सेवा कर धरला तर 4,030 रुपये 88 पैसे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता त्याच्यावर. कंपन्यांची स्पर्धा चालते ती या दुसऱ्या भागात, पहिल्यात नाही. म्हणजे संपूर्ण विमा 2,900 रुपयांना देणारा कितीही दानशूर असला, तरी तो विमा विकत नाहीये. दर बदलतात, म्हणून चालू अधिसूचना पाहावी, पण ही ताडणी कुठल्याही वर्षी करता येते. ‘आमचं कमिशन आम्ही तुम्हाला परत देतो’ हा खुलासाही चालत नाही. विमा कायदा 1938 च्या कलम 41 ने अशी सूट देण्याला आणि घेण्यालाही मनाई केलेली आहे.

शेवटी पैसे कुठे जातात ते पाहायचं. क्यूआर संकेत स्कॅन केल्यावर, पिन टाकण्याआधी, घेणाऱ्याचं नाव पडद्यावर येतं. तिथे विमा कंपनीचं किंवा दलाल कंपनीचं नाव यावं. कुणा एका माणसाचं नाव आलं तर तिथेच थांबावं. कायद्याच्या कलम 64 व्हीबीनुसार हप्ता आधी मिळाल्याशिवाय विमा कंपनी जोखीम स्वीकारत नाही, आणि एजंटाने हप्ता गोळा केला तर सुट्ट्या वगळून चोवीस तासांत तो कमिशन न कापता पूर्ण कंपनीकडे पाठवायचा असतो. कंपनीला पैसे पोहोचलेच नाहीत तर छापलेला कागद कितीही देखणा असो, विमा सुरू झालेला नाही.

पैसे भरून झाले असतील तर? मोटारीच्या बाबतीत एक सोय आहे. परिवहन खात्याच्या वाहन नोंदीत गाडीच्या नंबरापुढे विमा कंपनी आणि मुदत दिसते. नवी नोंद यायला थोडा वेळ लागतो, पण काही दिवसांनीही जुनीच तारीख असेल तर पॉलिसी क्रमांक घेऊन थेट विमा कंपनीला विचारावं. पुन्हा तेच, नंबर कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यायचा, पॉलिसीच्या कागदावरून नव्हे. हे टाळलं तर खोटेपणा कळतो तो अपघातानंतर. मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे विमा कंपनी ‘ही पॉलिसी आमची नाही’ असं सिद्ध करते आणि जखमीची भरपाई गाडीमालकाच्या खिशातून जाते.

खोटेपणाची दुसरी तऱ्हा म्हणजे दलालाऐवजी आख्खी विमा कंपनीच बनावट काढणं. काही वर्षांपूर्वी ‘डिजिटल नॅशनल मोटर इन्शुरन्स’ या बंगळूरचा पत्ता देणाऱ्या नावाबद्दल आयआरडीएआयला जाहीर सूचना काढावी लागली होती. या नावाला विमा विकण्याची नोंदणीच नव्हती. नावाची घडण पाहा. सरकारी वाटणारे दोन शब्द, आणि एका खऱ्या सरकारी विमा कंपनीच्या नावाची सावली. इथे ताडणी सोपी असते, कारण नोंदणीकृत विमा कंपन्यांची यादी छोटी आहे आणि नाव तिच्यात असतं किंवा नसतं.

याद्यांनाही मर्यादा आहेत. 2018 च्या नियमांत दलालाची नोंदणी तीन वर्षांची. नूतनीकरण अडकलेलं असताना यादीत जुनी तारीख दिसू शकते. अशा वेळी दलालाकडे नव्या प्रमाणपत्राची प्रत मागावी, तो नाराज होत असेल तर होऊ द्यावा. गावोगावी फिरणाऱ्या ‘पॉइंट ऑफ सेल्स’ प्रतिनिधीचं नाव एजंटांच्या पोर्टलवर मिळालं नाही, म्हणून तो भामटा ठरत नाही. तो ज्या कंपनीसाठी किंवा दलालासाठी काम करतो, त्यांना त्याचं नाव विचारायचं असतं.

फसवणूक झालीच असेल तर पहिला फोन 1930 या सायबर हेल्पलाइनला, कारण पैसे पुढच्या खात्यांत विखुरण्याआधी गोठवण्याची संधी थोड्या तासांचीच असते. आयआरडीएआयचा 155255 हा क्रमांक आणि ‘बिमा भरोसा’ हे तक्रार पोर्टल त्यानंतर. विमा लोकपालांकडे जाण्याचा सल्ला अनेकजण देतात. मुंबईत आणि पुण्यात त्यांची कार्यालयं आहेत, आणि 2021 पासून दलालांविरुद्धच्या तक्रारीही ते ऐकतात. पण ही वाट नोंदणी असलेल्यांविरुद्धच उघडी आहे. सांगलीच्या त्या गृहस्थांचे 2,900 रुपये ज्याने घेतले, तो कुठल्याच यादीत नाही. त्याचा माग काढणं पोलिसांचं काम आहे, लोकपालांचं नाही.