उकळीच्या आधी, उकळीच्या नंतर : एका लहान पनीर युनिटचा धोका-नियंत्रण आराखडा

नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर बारामती-इंदापूरचा पट्टा उसाचा झाला. उसाच्या वाढ्यावर आणि चाऱ्यावर संकरित गाई आल्या आणि दूध घराघरात पोहोचलं. माळेगाव बुद्रुकला सहकारी साखर कारखाना आहे, शेजारी कृषी विज्ञान केंद्र आहे. बारामतीच्या एमआयडीसीत मोठ्या डेअऱ्या आहेत. तिथे तापमान यंत्रं लिहितात आणि गुणवत्तेचा वेगळा विभाग असतो. मात्र गावातच शे-दोनशे लिटर दुधाचं पनीर करणाऱ्या युनिटमध्ये दोन-तीन माणसं, एक कढई आणि एक शीतपेटी एवढाच पसारा असतो. अशा युनिटलाही धोका-नियंत्रण आराखडा लागतो, आणि तो नीट केला तर दीड पानात मावतो.

या पद्धतीचं इंग्रजी आद्याक्षरांचं नाव हॅसप. 1959 च्या सुमारास अमेरिकेत अंतराळवीरांच्या जेवणासाठी पिल्सबरी कंपनी, नासा आणि लष्कराची नॅटिक येथील प्रयोगशाळा यांनी तिची सुरुवात केली. तयार माल तपासून खात्री मिळत नव्हती, कारण खात्रीसाठी जवळजवळ सगळाच माल तपासण्यात संपला असता. म्हणून त्यांनी मालाऐवजी कृतीवर नजर ठेवली : कुठल्या पायरीवर धोका थांबतो, तिथली मर्यादा किती, आणि ती ओलांडली तर काय करायचं. 1993 मध्ये कोडेक्सने ही पद्धत जगासाठी मार्गदर्शक म्हणून स्वीकारली.

पनीरच्या बाबतीत सगळ्यांचा भरवसा एकाच पायरीवर असतो, दूध तापवण्यावर. उकळलं की सगळं मेलं, असं गवळ्यापासून गिऱ्हाइकापर्यंत सगळे मानतात. माझ्या मते लहान युनिटचे बहुतेक आराखडे इथेच फसतात. उकळी खरोखर मोठं काम करते, पण तिच्या आधी जे घडलं त्यातलं काही तिला पुसता येत नाही आणि तिच्यानंतर जे घडतं त्यावर तिचा ताबा नसतो.

आधीचं पाहू. स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू गाईच्या कासदाहातून किंवा धार काढणाऱ्याच्या हातावरच्या जखमेतून दुधात येतो. एप्रिल-मेच्या उन्हात कॅन तासन्‌तास उभा राहिला तर तो वाढतो आणि विष तयार करतो. तापवल्यावर जंतू मरतो, विष मात्र उकळीलाही टिकतं. दुसरी गोष्ट प्रतिजैविकांची. कासदाहावर औषध दिलेल्या गाईचं दूध ठरलेल्या दिवसांआधी कॅनमध्ये आलं, तर औषधाचा अंश तापवूनही बऱ्याच प्रमाणात तसाच राहतो. म्हणून आराखड्यातली पहिली निर्णायक पायरी दूध घेण्याच्या ओट्यावरच हवी. मर्यादा अशी ठेवता येते : बल्क कूलरचं दूध 8 अंश सेल्सिअसच्या आत, थेट गोठ्यातून आलेलं दूध धार काढल्यापासून 2 तासांच्या आत, आणि प्रतिजैविकांच्या पट्टीवर दोष नाही. यातलं काही चुकलं तर कॅन परत. तो दुसऱ्या दुधात मिसळून ‘पातळ’ करायचा नाही, हेही शब्दांत लिहून ठेवावं.

इथे मिथिलिन ब्लू चाचणीचा मोह होतो. ती दुधाची पत सांगते, पण चांगल्या दुधाला निळा रंग जायला कित्येक तास लागतात. तोवर पनीर साच्यात गेलेलं असतं. निर्णायक पायरीवरचं माप दूध पुढे जाण्याआधी हाती यायला हवं. मिथिलिन ब्लूची जागा आठवड्याच्या पडताळणीत.

मधली पायरी म्हणजे तापवणं. पनीरसाठी दूध साधारण 90 अंशांपर्यंत नेतात, 70 च्या आसपास उतरवतात आणि लिंबूसत्त्वाचं पाणी घालून फोडतात. निवळी हिरवट, स्वच्छ दिसली की पुरे. खरं तर रोगजंतूंसाठी 72 अंश 15 सेकंद पुरतात. 90 अंश हे पनीरच्या उताऱ्यासाठी आणि पोतासाठी असतात. आराखड्यात हे दोन आकडे वेगळे लिहावेत : कामाचं लक्ष्य 90, आणि ज्याच्या खाली माल पुढे जाणार नाही अशी सीमा, समजा, 80. पारा 86 वर थांबला तर उतारा घटेल, पण धोका नाही. 78 वर थांबला तर पुन्हा तापवायचं. एकच आकडा लिहिला की माणसं किरकोळ चुकीसाठी माल टाकतात, नाहीतर कंटाळून मर्यादेकडे पाहणंच सोडतात.

थर्मामीटर भिंतीलगत नको, ढवळलेल्या दुधाच्या मधोमध हवा. त्याची तपासणी बर्फाच्या पाण्यात 0 अंशावर करावी. उकळत्या पाण्यात करायची तर एक गोष्ट लक्षात ठेवावी : बारामतीचा परिसर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, तिथे पाणी सुमारे 98 अंशांवरच उकळतं. पुस्तकातला 100 चा आकडा धरून थर्मामीटर ‘दुरुस्त’ केला, तर तो त्यानंतर दोन अंश जास्त दाखवत राहील आणि वहीतल्या प्रत्येक नोंदीत ती चूक उतरेल.

आता उकळीनंतर. फडक्यात बांधून दाबलेली वडी थंड पाण्यात बुडवतात, आणि त्यानंतर ती गिऱ्हाइकाच्या घरी जाईपर्यंत जंतू मारणारी एकही पायरी नसते. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी तसंच टाकीत भरलं तर वर केलेली सगळी मेहनत त्या टाकीत बुडते. पाणी उकळून गार केलेलं किंवा क्लोरीन मोजलेलं असावं, आणि दर बॅचला बदलावं. फडकी उकळणं, हात धुणं, सुरीची स्वच्छता या रोजच्या शिस्ती आहेत. त्यांची यादी वेगळी ठेवावी, निर्णायक पायऱ्यांत कोंबू नये. निर्णायक पायरी इथे गार करण्याची : वडीच्या मधोमध 2 तासांत 10 अंशांच्या खाली, मग साठवण 5 अंश किंवा कमी. लिस्टेरिया हा जंतू शीतपेटीतही हळूहळू वाढतो, त्यामुळे या 5 अंशांनी थोडा वेळच विकत मिळतो. पनीरवर तारीख घालताना हे ध्यानात धरावं.

एक प्रसंग कागदावर चालवून पाहू. समजा, रात्री अकराला वीज गेली, जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं, आणि पहाटे साडेपाचला शीतपेटी 11 अंशांवर होती. आत 25 किलो पनीर, दोन बॅचचं. युनिटचा नियम असा : 5 ते 8 अंशांत 2 तासांपर्यंत असेल तर पुन्हा गार करून तारीख कमी करायची, त्याहून जास्त गेलं तर माल अडवायचा. पारा 8 च्या वर नेमका कधी गेला हे कुणी पाहिलेलं नाही, तेव्हा वाईटातली वाईट वेळ धरावी लागते, म्हणजे साडेसहा तास. सगळा माल ‘थांबवला’ चिठ्ठी लावून वेगळा आणि नष्ट. भाजीत शिजणारच आहे म्हणून स्वस्तात हॉटेलला देणं बंद, कारण विष तयार झालं असेल तर ते शिजवूनही राहतं. त्याच बॅचचं काही आदल्या संध्याकाळी, वीज जाण्याआधी, गेलं असेल तर बॅच क्रमांकावरून ते शोधता येतं, आणि ते परत मागवायची गरज नाही हे त्या क्रमांकापुढे लिहिलेल्या पाठवणीच्या वेळेवरून ठरतं.

दुरुस्ती इथे अर्धीच झाली. उरलेला अर्धा भाग कारणाचा : डिझेल कोण पाहतो, संध्याकाळच्या नोंदीत तो रकाना आहे का, आणि कमाल-किमान तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर आत ठेवला तर पुढच्या वेळी माल फेकावा की राखावा हे अंदाजाशिवाय ठरेल का. पहाटे साडेपाचला मालकाला विचारून निर्णय घ्यायची वेळ आली, तर पैशांचा दबाव जिंकतो. म्हणून निर्णय आधीच लिहिलेला हवा आणि माल अडवण्याचा अधिकार कामावरच्या माणसाला हवा.

शेवटी वही. तपासणीला आलेल्या जाणत्याला वही उघडताच कळतं : महिनाभर 90, 90, 90, 4, 4, 4, एकाच शाईत, एकाच हाताने. खऱ्या वहीत 87 असतो, 91 असतो, एखाद्या दिवशी 6 असतो आणि त्यापुढे काय केलं ते लिहिलेलं असतं. पनीरचं युनिट चालवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे : आकडा दिसला त्याच क्षणी लिहा, आणि चुकलेला आकडा खोडू नका.